'हेल्दी आहे का?' हा अर्धाच प्रश्न आहे

गावाकडून शहरातल्या इंजिनिअर भाच्याला लग्नपत्रिकेचे, पावसाचे, वीजबिलाचे फोटो येतात. हल्ली त्यात आणखी एका फोटोची भर पडली आहे. पाकिटाची मागची बाजू, फ्लॅश पडून अर्धी पांढरी झालेली, अक्षरं मुंगीएवढी आणि खाली एक ओळ: 'हे हेल्दी आहे का बघ बरं.' मला असे फोटो परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून मावशी पाठवते. तुम्हालाही कुणीतरी पाठवतच असेल.

आपण काय करतो? फोटो झूम करतो. 'मैदा' आणि 'पाम तेल' एवढं दिसलं की 'अजिबात नको, विष आहे' असं टाइप करून मोकळे होतो. किंवा 'ओट्स', 'फायबर' दिसलं तर अंगठा दाखवतो. दोन्ही वेळा आपल्या डोळ्यांसमोर एकच शरीर असतं, ते म्हणजे आपलं. दिवसभर खुर्चीत बसणारं, पोट कमी करायला निघालेलं, जिमची फी भरलेलं. सेलूच्या घरात तसं शरीर एकाचंही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'हे हेल्दी आहे का' हा प्रश्न अर्धा आहे. त्यात पाकीट आहे, पण खाणारा नाही. दोन इनपुट लागणाऱ्या फंक्शनला आपण एकच देतो आणि तरी छातीठोकपणे उत्तर काढतो. हे उत्तर भाच्याचं असो, रीलवाल्याचं असो, कंपनीचं असो की सरकारचं, ते चुकणारच.

एक पाकीट घेऊ. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कारण अशी डझनभर आहेत. पुढे गव्हाची ओंबी आणि 'डायजेस्टिव्ह' हा शब्द, जो वाचून आजीला वाटतं की हे पचनाचं औषध आहे. मागे घटकांची यादी. नियम असा की जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. आपल्या पाकिटावर पहिला मैदा, मग तेल, मग साखर, आणि ज्याची ओंबी पुढे छापली आहे ते गव्हाचं पीठ चौथं. त्याखाली तक्ता आहे. १०० ग्रॅममध्ये ४८० कॅलरी, कर्बोदकं ६८ ग्रॅम, वरून घातलेली साखर १५ ग्रॅम, फॅट २० ग्रॅम, सोडियम ४५० मिलिग्रॅम. एक बिस्कीट १० ग्रॅमचं. 'एक सर्व्हिंग' म्हणजे दोन बिस्किटं असं लिहिलं आहे, पण चहात दोनच बुडवून थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण चार धरू. म्हणजे ४० ग्रॅम, साधारण १९० कॅलरी.

आता हीच चार बिस्किटं घरात फिरवू.

आजीला मधुमेह आहे. ती 'साखर किती' एवढंच विचारते. चार बिस्किटांत वरची साखर ६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वा चमचा. चालेल असं वाटतं. पण रक्तातली साखर फक्त साखरेने वाढत नाही, मैद्यानेही वाढते. तिने पाहायची ओळ कर्बोदकांची आहे, आणि ती चार बिस्किटांत २७ ग्रॅम निघते. ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची, म्हणजे लहानशा भाकरीची कर्बोदकं जवळपास तेवढीच असतात. थोडक्यात, आजी जेवणाआधी एक भाकरी खाते आहे, तीही ८ ग्रॅम फॅट घातलेली आणि ज्वारीतलं बरंचसं फायबर काढून घेतलेली. ही भाकरी कुणी मोजत नाही, कारण ती चहाच्या बशीत येते.

आता हेच उलटं करून पाहा. आजी साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल आणि एखाद्या दुपारी जेवण लांबलं, तिला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, तर तिची साखर पडली आहे. त्या क्षणी तिला पाण्यातून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचं असतं. हे डायजेस्टिव्ह बिस्कीट तेव्हा कमी कामाचं, कारण त्यातलं फॅट साखर रक्तात पोचायला उशीर लावतं. जी साखर सगळ्या रीलमध्ये विष आहे, तीच त्या दहा मिनिटांत औषध आहे. माणूस तोच, पाकीट तेच, तरी उत्तर बदललं.

घरात दोन वर्षांचा एक मुलगा आहे. पाकिटावरचा टक्क्यांचा रकाना सांगतो की चार बिस्किटं म्हणजे दिवसाच्या गरजेच्या १० टक्के कॅलरी. हे टक्के काढायला नियमाने एक सरासरी प्रौढ माणूस ठरवून दिलेला आहे, ज्याला दिवसाला २००० कॅलरी लागतात. दोन वर्षांच्या मुलाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबाने सुमारे १०१० कॅलरी लागतात. त्याच्यासाठी ते १० टक्के नाहीत, १९ टक्के आहेत. त्याचं पोट लहान असतं. सकाळी नऊला बिस्किटांनी भरलेलं पोट अकराला वरणभात किंवा अंडं नको म्हणतं. मग आई म्हणते, 'हा जेवतच नाही.' तो जेवलेला असतो. लेबल त्याच्याबद्दल खोटं बोलत नाही, ते त्याच्याबद्दल बोलतच नाही.

कापूस वेचायला येणाऱ्या बाईंचं पाहा. कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीला त्याच हिशेबाने दिवसाला २७२० कॅलरी लागतात, आणि बसून काम करणाऱ्या स्त्रीला १६६०. लेबलवरचा २००० वाला माणूस या दोघींपैकी कुणीच नाही. शेतात अकरा वाजता खाल्लेली चार बिस्किटं त्या बाईंच्या दिवसाचे ७ टक्के आहेत. त्यांची अडचण जास्त कॅलरीची नाही. डब्यात भाकरीसोबत डाळ नाही, ही आहे. त्यांना पुण्यातून 'विष आहे' असं सांगणं हा सल्ला नाही, हा माज आहे. पाच-दहा रुपयांत त्या जागी दुसरं काय मिळतं, हे सांगता येत नसेल तर गप्प बसलेलं बरं.

आणि आता मावशी. फोटो तिने पाठवला. आजीसाठी विचारलं, नातवासाठी विचारलं. स्वतःसाठी विचारलं नाही. तिचं हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत ९ निघालं, जे १२ च्या वर हवं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणजे मावशी अपवाद नाही. तिने लेबलवर शोधायची गोष्ट म्हणजे लोह. पण लेबलवर सक्तीने छापायच्या यादीत ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम आहे. लोह नाही. फोटो कितीही स्पष्ट काढला तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाकिटावर नाही. वर जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणून तिला द्यायचा सल्ला बिस्किटाचा नाहीच. चहा जेवणापासून तासभर लांब ठेव आणि ताटात लिंबू पिळ, हा आहे.

गरजेपासून सुरुवात केली की काय होतं, याचं उदाहरण परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं. लोह आणि जस्त जास्त असलेलं. तिथे कुणी 'ज्वारी हेल्दी आहे का' असं विचारलं नव्हतं. ज्वारी खाणाऱ्या माणसांना कशाची कमतरता आहे, हे विचारलं होतं. धान्य त्या प्रश्नातून निवडलं गेलं.

इथे कंपन्या खूश होतील. 'बघा, आम्ही तेच म्हणतो, सगळं माणसावर अवलंबून आहे, प्रमाणात खा!' नाही. तुमचं म्हणणं असं की माणसागणिक उत्तर बदलतं, म्हणून पाकिटावर ठळक काही छापायला नको. माझं म्हणणं उलट आहे. उत्तर माणसागणिक बदलतं, म्हणूनच प्रत्येक गोष्ट वेगळी आणि ठळक छापली पाहिजे.

हा वाद हवेतला नाही. एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला तारे छापण्याचा मसुदा काढला. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. साखर, मीठ, संपृक्त फॅट आणि कॅलरीचे गुण वजा, फायबर, प्रथिनं, भरडधान्य, सुकामेवा यांचे गुण जमा. म्हणजे मीठ भरपूर असलं तरी फायबर घालून तारा वाढवता येतो. रक्तदाबाच्या माणसाला त्या फायबरने मिठाचा हिशेब फिटत नाही. तारा म्हणजे 'हेल्दी आहे का' याला दिलेलं सरकारी उत्तर आहे, आणि तेही खाणाऱ्याला न विचारता. चिलीने २०१६ पासून दुसरा रस्ता धरला. पुढच्या बाजूला काळे अष्टकोन, एकावर 'साखर जास्त', दुसऱ्यावर 'सोडियम जास्त'. बेरीज-वजाबाकी नाही. ज्याला ज्याची धास्ती, त्याने ते पाहावं. आपल्याकडे अशा इशाऱ्यांची मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. म्हणजे या देशात तारा की इशारा हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊन आलाय. आपण मात्र अजून कमेंटमध्ये पाम तेलावर भांडतोय.

इशाऱ्यानेही सगळं भागत नाही. आजीची कर्बोदकं चिलीच्या अष्टकोनात नाहीत, मावशीचं लोह तर नाहीच. पण निदान त्यात खोटी सरासरी नाही. आणि तो छापायचा तर कोणत्या भाषेत? आजच्या नियमाने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पुरतं. मराठी कंपनीच्या मर्जीवर. सेलूच्या किराणा दुकानात विकलं जाणारं पाकीट सेलूच्या भाषेत नसतं, म्हणून तर त्याचा फोटो पुण्याला जातो. मावशीला वाचता येत नाही असं नाही. ती मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. पाकीटच तिच्यासाठी छापलेलं नाही.

तोवर उत्तर देणाऱ्यांनी एवढं तरी करावं. फोटो आला की झूम करायच्या आधी विचारा: कोण खाणार आहे, किती, आणि कशाच्या ऐवजी? या तीन उत्तरांशिवाय दिलेला सल्ला आपल्याच पोटाबद्दल असतो. आणि चौथा प्रश्न न विसरता विचारा, कारण तो समोरून कधीच येणार नाही: 'तू काय खाल्लंस?'