वेतनवाढ किती वेळां झाली?

गणितश्रेढीवरील उदाहरणांत विद्यार्थी बहुधा एकाच ठिकाणीं अडखळतात. बेरीज व गुणाकार त्यांना उत्तम येतो. परंतु ‘दहाव्या वर्षीं वेतन किती?’ असें विचारतांच वाढीची रक्कम दहानें गुणून ते मोकळे होतात. माझ्या मतें हा दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. सूत्र आधीं व विचार मागाहून, या अध्यापनक्रमाचा तो दोष आहे.

एक खरेंखुरें उदाहरण घेऊं. केंद्र सरकारनें १९९६ सालापासून लागू केलेल्या वेतनश्रेणींत ‘५५००–१७५–९०००’ अशी एक श्रेणी होती. मूळ वेतन दरमहा ५५०० रुपयांपासून सुरू व्हावयाचें, प्रतिवर्षीं १७५ रुपयांनीं वाढावयाचें आणि ९००० रुपयांवर थांबावयाचें, असा याचा अर्थ. येथें ५५०० हें आदिपद, १७५ हा चय व ९००० हें अंत्यपद होय.

आतां दहावें वर्ष पाहूं. पहिल्या वर्षीं वाढ मिळालेलीच नसते. दुसऱ्या वर्षीं एक मिळते, तिसऱ्या वर्षापर्यंत दोन. म्हणून दहाव्या वर्षापर्यंत नऊच. नऊ वाढींचे १५७५ रुपये मिळवून वेतन ७०७५ रुपये होतें. दहा वाढी धरणारा ७२५० लिहितो. पण तें अकराव्या वर्षाचें वेतन आहे. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याच रीतीनें पहिल्या वर्षाचें वेतन काढावें. तें ५५०० न येतां ५६७५ आलें, तर एक वाढ अधिक धरली, हें निश्चित.

आदि व अंत्य पदांतील अंतर ३५०० रुपये. म्हणजे वाढी २०, पण पदें २१. कमाल वेतन एकविसाव्या वर्षीं हातीं येतें. या सर्व पदांची बेरीज करतांना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील मध्यधन उपयोगी पडतें. आदि व अंत्य यांची सरासरी ७२५०. तिला २१ नें गुणिलें कीं १,५२,२५० येतात. परंतु ही प्रत्येक वर्षांतील एकाच महिन्याची बेरीज झाली! ती १२ नें गुणिली म्हणजे २१ वर्षांचें मूळ वेतन १८,२७,००० रुपये ठरतें. नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या रांगांसही हीच रीत लागते. तेथें बारांचा गुणाकार मात्र नसतो.

प्रश्न रचणारांनींही एक पथ्य पाळावें. २००६ सालापासून केंद्राच्या वेतनांत ठराविक रकमेऐवजीं शेंकडा तीन या दरानें वाढ आली. तेथें वाढच वाढत जाते. ती गणितश्रेढी नव्हे. म्हणून ‘वेतन दरवर्षीं वाढतें’ एवढें लिहून भागत नाहीं. ‘ठराविक रकमेनें’ हे शब्द हवेतच.

सूत्र लिहिण्यापूर्वीं पहिल्या तीन वर्षांचीं वेतनें आणि प्रत्येकासमोर तोंवर मिळालेल्या वाढींची संख्या विद्यार्थ्यानें मांडावी. त्या मांडणीला परीक्षकांनीं निम्मे गुण द्यावे, असें माझें स्पष्ट मत आहे.