नकाराची वही

माझा भाचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे. दीड वर्षात त्याने ३८ ठिकाणी अर्ज केले आणि नोकरी एकाही ठिकाणी लागली नाही. परवा घरी आला आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामू, रोज कुणीतरी अपयशावरचा सुविचार पाठवतंय. हे वाचून अजूनच खचायला होतं."

मी ते सुविचार वाचले. एक चर्चिलच्या नावावर होता, उत्साह न गमावता अपयशातून अपयशाकडे जाण्याचा. चर्चिलच्या भाषणांत किंवा लेखनात तो कुठेही सापडत नाही. दुसरा एडिसनचा होता. प्रत्येक फसलेल्या प्रयोगातून काय चालत नाही ते कळतं, असा त्याचा आशय. प्रयोगशाळेत हे खरं आहे, कारण तिथे पदार्थ जळला किंवा तुटला की का ते दिसतं. नोकरीच्या नकारात कारण लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा तर नकारही येत नाही, नुसती शांतता येते. मग शिकायचं कशातून?

तिसरं नाव डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं होतं. त्यांचा किस्सा आपण अर्धाच सांगतो. हवाई दलात वैमानिक व्हायचं म्हणून ते देहरादूनला निवडीसाठी गेले. २५ उमेदवार होते, आठ घेतले, कलाम नववे आले. ते फार निराश झाले, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. पण त्याच प्रवासात दिल्लीला संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागाचीही मुलाखत ते देऊन आले होते. १९५८ साली ती नोकरी मिळाली, मूळ पगार महिना २५० रुपये. दुसरी संधी आकाशातून पडली नाही. नकार येण्याआधीच तिचा अर्ज गेलेला होता. मला या गोष्टीतलं हेच सर्वांत उपयोगाचं वाटतं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, सुविचार राहू दे, वही काढ. ३८ अर्ज कोणत्या पायरीवर अडले ते लिहू. २७ ठिकाणांहून उत्तरच नाही. ११ ठिकाणी चाचणीला बोलावलं, त्यात आठ ठिकाणी चाचणीतच गळाला. उरलेल्या तीन ठिकाणी मुलाखत होऊन नकार. म्हणजे अपयश एक नव्हतं, तीन निरनिराळी होती.

उत्तर न आलेल्या २७ जागा उत्पादन, विक्री, देखभाल अशा सगळ्या प्रकारच्या होत्या आणि बायोडाटा सगळीकडे एकच. बोलावणं आलेल्या ११ पैकी नऊ जागा गुणवत्ता तपासणीच्या निघाल्या. त्याने सहा महिने अप्रेंटिस म्हणून व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर काम केलं होतं, पण बायोडाट्यात ती ओळ शेवटी होती. ती वर घेतली. चाचण्यांत त्याची गणितं चुकत नव्हती, वेळ संपत होती. घड्याळ लावून सराव सुरू केला. तीन मुलाखतींवरून मात्र काहीच ठरवलं नाही. तीनमध्ये नशीब किती आणि चूक किती, हे सांगता येत नाही.

मग त्याने मनातला प्रश्न विचारला, "मामू, नावामुळे तर होत नसेल?" मी नाही म्हणालो नाही. थोरात आणि अ‍ॅटेवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा मुस्लिम नावाला बोलावणं लक्षणीय कमी आलं. हा अन्याय खराच आहे. पण एखाद्या शांततेमागे नाव होतं की बायोडाटा, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. आठ चाचण्यांतलं गळणं मात्र वेळेमुळे होतं, ते आपल्या हातात होतं. जे नावामुळे जातं त्याचा दोष स्वतःवर घेऊ नये आणि जे तयारीमुळे जातं ते नावावर ढकलू नये.

आपल्याकडे असा नकार आला की मोठी माणसं 'रिज्क नशिबात असेल तेव्हा मिळेल' म्हणतात. दिलासा म्हणून ठीक आहे. पण ज्याने उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असं विचारलं, त्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीसही त्याच माणसांना पाठ असते.

पुढच्या दहा अर्जांत त्याला पाच बोलावणी आली. पक्की नोकरी अजून नाही. एका वर्कशॉपमध्ये सहा महिन्यांचं कंत्राटी काम करतोय, पगार बेताचा आहे. संध्याकाळी अर्ज चालू आहेत.

त्याने माझ्याकडे एक सुविचार मागितला होता. मी वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहून दिलं: 'नकार आला की तारीख, जागा आणि पायरी लिही. एका उत्तराची वाट बघताना दुसरा अर्ज गेलेला असू दे.'