खोक्यातल्या हवेचं बिल कोणी भरायचं?



गेल्या हिशोबात कुरडई देणाऱ्या सभासदांच्या नावावर कुरिअरची जादा कपात दिसली आणि फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता. "माझं खोकं साडेतीन किलोचं, काटा माझ्यासमोर झाला, मग बिल नऊ किलोचं कसं?" काटा बरोबर होता आणि बिलही बरोबर होतं. चूक मधल्या कागदावर, म्हणजे आपल्या पॅकिंग शीटवर झाली. ती कशी झाली आणि पैसे कोणाच्या खिशातून जायला हवेत, यावर माझं मत मांडतो.

आधी हे वजन येतं कुठून ते बघू. ट्रॉलीत कडबा भरला तर ट्रॉली गच्च होते, पण वजन फारसं भरत नाही. तरी ट्रॉलीवाला भाडं पूर्ण खेपेचं घेतो, कारण जागा संपलेली असते. कुरिअरवाल्याच्या गाडीचंही तसंच आहे. म्हणून तो प्रत्येक खोक्याची दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं आणि दुसरं खोक्याने अडवलेल्या जागेवरून काढलेलं. या दुसऱ्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. *दोन्हीपैकी जे जास्त, तेच बिलाला लागतं.*

जागेचं वजन काढायची रीत अशी:

*लांबी × रुंदी × उंची (सर्व सेंटीमीटरमध्ये) ÷ ५००० = किलो*

५००० घन सेंटीमीटर म्हणजे बरोबर ५ लिटर. याचा सरळ अर्थ, खोक्यातली दर ५ लिटर जागा निदान १ किलोची धरली जाते. घरी तपासायचं असेल तर ५ लिटर मापाचा डबा घ्या आणि तुमच्या मालाची पाकिटं त्यात भरा. भरलेला माल १ किलोपेक्षा कमी भरला, तर तुमचं बिल जागेवर येणार. हळद पावडर, गूळ, डाळ यांचं बिल काट्यावर येतं. कुरडई, लाह्या, सालपापड्या यांचं जागेवर.

आता तेच खोकं घेऊ. कुरडईची पाव किलोची १२ पाकिटं, म्हणजे ३ किलो माल. खोकं आणि आतली रद्दी धरून काट्यावर ३ किलो ६०० ग्रॅम. खोकं बाहेरून टेपने मोजलं तर ४६ × ३१ × ३१ सेंमी. गुणाकार ४४,२०६, भागिले ५००० केले तर ८.८४. वरचा अपूर्णांक पुढच्या किलोत धरतात, म्हणून ९ किलो. दर ४० रुपये किलो धरला आणि जीएसटी बाजूला ठेवला, तर ३६० रुपये. काट्याप्रमाणे ४ किलोचे १६० रुपये झाले असते. वरचे २०० रुपये आपण हवा आणि रद्दी पाठवण्याचे भरले. एका पाकिटामागे ही साडेसोळा रुपयांहून थोडी जास्तच चाट आहे.

मग हे बुकिंगच्या दिवशीच का कळलं नाही? कारण शीटवर मापाच्या रकान्यात "१८-१२-१२" लिहिलं होतं. खोकी विकणारा माप इंचात सांगतो, तेच आपण उतरवलं. सिस्टीमने ते सेंटीमीटर धरलं. त्या हिशोबाने जागेचं वजन अर्धा किलो निघालं, म्हणून बुकिंग काट्याच्या ४ किलोवर झालं. पुढे कुरिअरच्या हबमध्ये मशीनने खोकं मोजलं, ९ किलो लागले आणि फरक नंतरच्या बिलात आला. उशिरा आलेली जादा कपात दिसली की पहिली शंका मापाच्या रकान्यावर घ्यायची.

आता कपातीबद्दल. बैठकीत दोन मतं पुढे आली. एक म्हणतं, जादा रक्कम सगळ्या सभासदांत सारखी वाटा. मला हे पटत नाही. हळदवाल्याच्या खोक्यात हवा नाही, त्याने कुरडईच्या जागेचं भाडं का भरावं? दुसरं मत, ज्याचं खोकं त्याच्यावर टाका. हे तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण या वेळेस नाही. खोकं कंपनीने दिलं, एकाच मापाचं दिलं. माप कंपनीच्या पॅकिंग टेबलवर चुकलं. ज्या सभासदाच्या हातात ना खोक्याची निवड होती ना शीटचं पेन, त्याच्याकडून २०० रुपये घेणं हा न्याय नाही. *माझ्या मते मागची जादा कपात कंपनीने परत करावी, आणि इथून पुढे ज्याच्या खोक्याला जे बिलाचं वजन लागेल, त्याची कपात त्याच्या नावावर व्हावी.* मात्र त्याआधी दोन गोष्टी जागेवर हव्यात.

पहिली, योग्य मापाचं खोकं. तीच १२ पाकिटं बाहेरून ३६ × ३१ × २६ सेंमी असलेल्या खोक्यात नीट बसतात. गुणाकार २९,०१६, जागेचं वजन ५.८०, बिल ६ किलोचं, म्हणजे २४० रुपये. एका खोक्यामागे १२० रुपये वाचले. पण यापेक्षा लहान खोक्याचा हट्ट नको. कुरडई दाबली की चुरा होतो, आणि परत आलेल्या एका पार्सलमध्ये ही सगळी बचत जाते. शिवाय कोंबून भरलेलं खोकं फुगतं. मशीन सर्वात फुगलेल्या जागेचं माप घेतं. हेच खोकं वरून ३ सेंमी फुगलं तर ६.४७ किलो निघतं आणि बिल ७ किलोचं होतं.

दुसरी, शीटवर खरं माप. खोकं टेप लावून बंद केल्यावर, बाहेरून, सेंटीमीटरमध्ये मोजायचं. लांबी, रुंदी, उंची, काट्याचं वजन, जागेचं वजन आणि बिलाचं वजन असे सहा रकाने भरायचे आणि सभासदाने ते बघून सही करायची. टेप लावलेल्या खोक्याचा आणि काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. कुरिअरचं माप कधी चुकलं, तर ठरलेल्या मुदतीत तक्रार करायला हाच पुरावा लागतो.

जाता जाता एक. दुसरं कुरिअर स्वस्त आहे, असं काही जण सुचवतात. दराबरोबर भागाकाराचा आकडाही विचारा. समजा कोणी ३६ रुपये किलो सांगितलं, पण भागाकार ४००० ने करतो. तर आपलं लहान खोकं ७.२५, म्हणजे ८ किलोचं होतं आणि बिल २८८ रुपये. ४० रुपयेवाल्याकडे तेच २४० ला जातं.

परत केलेल्या कपातीबद्दल तुमचं मत हो किंवा नाही, गावाचं नाव टाकून, याच नंबरवर कळवा. पुढच्या बैठकीत ते मांडतो.

– पॅकिंग व रवानगी विभाग