तीन-वीस की तीन-बावीस?

मुलांनो, जुन्या घरात विजेचं काम निघालं, की वायरमन काका म्हणतात, “ही तीन-वीस आहे” किंवा “ही तीन-बावीस दिसते.” ऐकायला पाढ्यासारखं वाटतं, नाही का? यातला पहिला आकडा सोपा. वरचं प्लॅस्टिक सोललं, की आत तांब्याच्या तीन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या दिसतात, तेच हे तीन. दुसरा आकडा मात्र प्रत्येक तारेच्या जाडीचा, म्हणजे गेजचा.

आता गंमत बघा. २० गेजची तार ०.९१४ मिलिमीटर जाड असते आणि २२ गेजची ०.७११. आकडा वाढला, तार बारीक झाली! असं उलटं का? पूर्वी तार करताना धातूची सळई पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढत. मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तार बारीक. पण प्रत्येक कारखान्याची भोकं निराळी, त्यामुळे एकाची बावीस दुसऱ्याच्या बावीसशी जुळेना. अखेर ब्रिटनने १८८४ मध्ये एकच कोष्टक कायद्याने लागू केलं. तेच हे एस. डब्ल्यू. जी. आपल्याकडे तेच रुळलं. अमेरिकेचं कोष्टक वेगळं आहे. तिथली २२ नंबरची तार ०.६४४ मिलिमीटरची, तेव्हा नुसता नंबर सांगून भागत नाही.

०.९१४ आणि ०.७११ मधला फरक म्हणजे वीतभरही नाही, मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा. पण वीज वाहते ती तारेच्या आतल्या सगळ्या तांब्यातून. म्हणून तार कापल्यावर दिसणाऱ्या गोलाचं क्षेत्रफळ काढायचं. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४, हे सूत्र मोठ्या वर्गातल्यांना येतंच. २० गेजच्या तीन तारांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे २ चौरस मिलिमीटर भरतं, २२ गेजच्या तिघींचं १.२. म्हणजे तांबं साठ टक्केच! जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणाच्या लायनीत चुकून बारीक वायर पडली, तर ती तापते आणि वरचं प्लॅस्टिक मऊ पडून काळवंडायला लागतं.

मग हातातला तुकडा कोणता, हे कसं ओळखायचं? तुकडा सुटा हवा हं! भिंतीतल्या, बोर्डाला जोडलेल्या वायरीला हात लावायचा नाही, बटण बंद असलं तरीही. आणि प्लॅस्टिक घरातल्या मोठ्यांनाच सोलायला सांगा.

साधारण दोन फूट तुकडा घ्या. पीळ सोडवून एक तार वेगळी काढा आणि बोटांनी ओढून सरळ करा. आता ती पेन्सिलीवर गुंडाळा, वेढ्याला वेढा चिकटवून. वीस वेढे झाले, की अंगठ्याने दाबून धरा, कारण सोडली की तार उसळते आणि वेढे सैल होतात. पेन्सिल उजेडाकडे धरून बघा. दोन वेढ्यांमध्ये फट दिसली तर नखाने सरकवा, एक वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर उतरवा. मग पट्टीने पहिल्या वेढ्याच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि वीसने भागा. समजा १८ मिलिमीटर भरले. १८ भागिले २० म्हणजे ०.९. ही २० गेज, वायर तीन-वीस. १४ भरले असते तर ०.७, म्हणजे २२ गेज. एकच तार पट्टीवर ठेवून हे कधीच कळलं नसतं. वीस वेढ्यांत मात्र दोघींमध्ये चांगला ४ मिलिमीटरचा फरक पडतो.

आणि १६ भरले तर? ०.८ म्हणजे २१ गेज, असं झटकन म्हणू नका. फट राहिली की तार जाड भासते, वेढा चढला की बारीक. पुन्हा गुंडाळा. तरीही १६च आले, तर ती खरोखर २१ गेज असू शकते, तिची जाडी ०.८१३ आहे.

मोटारीच्या गुंडाळीची तार मोजताना आणखी एक फसगत होते. ती उघडी, चकचकीत तांब्याची दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. त्यामुळे वेढ्यांची पद्धत जाडी जास्त दाखवते. तिचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचं. ब्लेडने नको, त्याने तांबंही खरवडलं जातं. मग ते टोक स्क्रू गेजमध्ये मोजायचं. ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारं हे उपकरण ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतं. आधी ते रिकामंच मिटवून शून्य बरोबर जुळतं का ते बघायचं. एकदा मोजलं, की तार पाव फिरवून पुन्हा मोजायचं. दोन मापं वेगळी आली तर तार कुठेतरी चेपली आहे.

नव्या वायरीच्या खोक्यावर गेज नसतो, थेट १.५ चौरस मिलिमीटर असं छापलेलं असतं. काहींवर सोबत २२/०.३ असंही असतं. यातले २२ म्हणजे गेज नव्हे! आत बावीस तारा आहेत, प्रत्येक ०.३ मिलिमीटरची. मघाच्या सूत्राने बेरीज करून बघा बरं, दीड भरतं का?