स्क्वॅशला रसाच्या फळीवर बसवू नका

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की आमच्याकडे एकाच मजकुराची पत्रे येऊ लागतात. ‘माल तयार आहे, साठा भरला आहे, खात्यात लिस्टिंग हिरवे दिसते, पण गिऱ्हाइकाला शोधून सापडत नाही.’ यंदा पांढुर्णा-सौंसरकडून अशी पत्रे जास्त आली. बहुतेकांचा सूर ठरलेला: पोर्टलवाल्यांनी मोठ्या ब्रँडसाठी आम्हाला दाबले. पत्रांसोबत आलेली लेबले आणि पडद्याची छायाचित्रे आम्ही नीट पाहिली. मोठ्या ब्रँडचा त्यात काही हात दिसला नाही. माल चुकीच्या कॅटेगरीत बसवलेला होता, आणि तो आपणच बसवला होता.

तिगावकडच्या एका महिला गटाची ७५० मिलिची बाटली घेऊ. लेबलवर ठळक अक्षरांत ‘संत्रा स्क्वॅश’, खाली ‘एक भाग स्क्वॅश, तीन भाग पाणी’. लेबल चोख आहे. लिस्टिंग मात्र ज्यूसच्या कॅटेगरीत. का, तर लोक ‘ऑरेंज ज्यूस’ असेच शोधतात. पहिले काही आठवडे विक्रीही झाली. मग एका गिऱ्हाइकाने बाटली उघडून तसाच पेला भरला आणि ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ म्हणून परत पाठवला. असे परतावे दोन-चार झाल्यावर पोर्टलने कागद मागितले, आणि कागद बघून लिस्टिंग शोधातून काढून टाकले.

कागदांत पोर्टलला काय दिसले असेल ते सांगायला नको. अन्न सुरक्षा नियमांत स्क्वॅश म्हणजे किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ४० टक्के विद्राव्य घन, म्हणजे ४० ब्रिक्स. क्रशला रस तेवढाच, ब्रिक्स ५५. सिरप किंवा शरबताला ६५. पिण्यास तयार फळपेयात रस १० टक्के असला तरी चालतो. ज्यूस ही या सगळ्यांहून वेगळी वस्तू आहे. तुमच्या परवान्यावर जो अन्नप्रकार नोंदला आहे, लेबलवर जे सामान्य नाव छापले आहे आणि लिस्टिंगची जी कॅटेगरी आहे, ती तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. या गटाची दोन जुळत होती, तिसरे नव्हते.

पूर्वी हे खपून जायचे, हे आम्हालाही माहीत आहे. २०२४ पासून खपत नाही. २ एप्रिल २०२४ रोजी एफएसएसएआयने ई-कॉमर्स कंपन्यांना बजावले की दुग्धजन्य, धान्याधारित आणि माल्टयुक्त पेयमिश्रणे ‘हेल्थ ड्रिंक’ वा ‘एनर्जी ड्रिंक’ या कॅटेगरीत विकू नका. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच कायद्यात नाही. पुढच्याच आठवड्यात वाणिज्य मंत्रालयानेही तेच लिहिले आणि बोर्नव्हिटासारख्या नामांकित मालाला फळी बदलावी लागली. जूनमध्ये पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचा आदेश आला. मालाचे वर्गीकरण हा आता पोर्टलचा घरचा मामला राहिलेला नाही, सरकारी नजर त्यावर आहे. शंका आली की पोर्टल आधी दाबते आणि मग विचारते. त्यातही ‘इम्युनिटी’ आणि ‘हेल्थ’च्या फळ्यांवर अजून संत्रा सिरप घेऊन उभे राहणाऱ्या मंडळींना काय म्हणावे?

आता खरे दुखणे कुठे होते ते पाहू. कॅटेगरी म्हणजे नुसता माल ठेवायची जागा नव्हे. कॅटेगरी निवडली की त्याबरोबर भरायचा तक्ता ठरतो. ॲमेझॉनवर ‘प्रॉडक्ट टाइप’ तक्ता ठरवतो आणि ‘ब्राउझ नोड’ फळी. बरेच जण सपोर्टशी भांडून नोड बदलून घेतात आणि लिस्टिंग तरी वर येत नाही म्हणून पुन्हा भांडतात. नोड बदलला तरी तक्ता जुनाच राहतो. ज्या रकान्याअभावी माल दाबला गेला तो रकाना त्या तक्त्यात कधी कधी नसतोच. आधी प्रॉडक्ट टाइप तपासा. ‘सर्च सप्रेस्ड’ ही गाळणी लावून यादी काढा. ‘इनॲक्टिव्ह’ यादीत तो माल मिळणार नाही, कारण खाते त्याला चालूच समजते. मग त्या प्रकारचा कोरा साचा उतरवून घ्या. ‘डेटा डेफिनिशन्स’ पानावर कोणता रकाना सक्तीचा आणि कोणता अटीने सक्तीचा हे लिहिलेले असते, ‘व्हॅलिड व्हॅल्यूज’ पानावर चालणारे शब्द असतात. त्यातलाच शब्द उचलून टाका. यादीत ‘Milliliters’ असेल तर ‘ml’ लिहून भागेलच असे नाही.

मापाच्या रकान्यात आपली मंडळी हमखास अडखळतात. तिगावच्या फाइलमध्ये `unit_count` ला १ आणि प्रकाराला ‘Count’ असे होते, म्हणजे एक नग. बाटलीची किंमत १८० रुपये. यंत्राने हिशेब लावला, प्रति नग १८० रुपये. वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे एक लिटरच्या आतल्या मालाची एकक किंमत प्रति मिलिलिटर दाखवायची असते. ७५० आणि ‘Milliliters’ भरले की ती २४ पैसे निघते. दोन बाटल्यांचा जोड असेल तर १५०० भरायचे, ७५० नव्हे. लेबलवर २४ पैसे आणि पडद्यावर १८० रुपये असे असले तर माल दाबायला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

ओएनडीसीवर काम करणाऱ्या शेतकरी कंपन्यांना हीच गोष्ट जास्त उघडी दिसते, कारण तिथे तक्ता पडद्यामागे लपलेला नाही. ताजी संत्री `Fruits and Vegetables` मध्ये गेली की वेगळा सक्तीचा गट लागतो. बाटली गेली की वेष्टित अन्नाचा गट लागतो. बाटलीच्या नोंदीचा गाभा असा:

```
"category_id": "Fruit Juices and Fruit Drinks",
"@ondc/org/statutory_reqs_prepackaged_food": {
  "brand_owner_FSSAI_license_no": "..."
}
```

इथे कॅटेगरीचे नावच ‘रस आणि फळपेये’ असे सैल आहे, त्यामुळे स्क्वॅश त्यात बसते. एका जाळ्यावर बरोबर असलेली कॅटेगरी दुसऱ्यावर चुकीची ठरू शकते, म्हणून एकाच एक्सेलवरून सगळीकडे चढवणे बंद करा. पेटीतल्या ताज्या फळांसाठी बनवलेली ओळ नक्कल करून बाटलीची नोंद करणारेही आहेत. त्यांचा परवाना क्रमांक रिकामा राहतो आणि नोंद परत येते. एचएसएनवरूनही कॅटेगरी ठरवू नका. तो कराचा आकडा आहे, फळी त्याने ठरत नाही.

इथपर्यंत आपली चूक. आता ज्या प्रकरणात आपली चूक नाही, त्याबद्दल.

पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली त्याआधी छिंदवाड्यात होत्या. ज्यांचा अन्न परवाना त्याआधीचा आहे, त्यांच्या परवान्यावर ‘छिंदवाडा’ आहे. नवे लेबल छापताना त्यांनी प्रामाणिकपणे ‘जिल्हा पांढुर्णा’ छापले. उत्पादकाचा पत्ता हा सक्तीचा रकाना, आणि तो परवान्याशी ताडून पाहिला जातो. एका पोर्टलच्या तपासणीने जिल्हा जुळत नाही म्हणून नोंद नाकारली. विक्रेत्याने राजपत्राचा हवाला दिला. उत्तर आले, ‘कृपया वैध पत्ता भरा’. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर, खाली वेगळे नाव. गावाच्या स्पेलिंगची गंमत वेगळीच: परवान्यावर Tigaon, रेल्वेच्या पाटीवर Teegaon, हिंदी कागदांत तीगांव. शिवाय अन्न परवान्यात मध्य प्रदेशाचा संकेतांक १४, महाराष्ट्राचा १५. जीएसटीत मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७. माल तिगावला भरायचा आणि पाठवायचा नागपूरच्या गोदामातून, असे करणाऱ्यांच्या एकाच अर्जात हे सगळे आकडे येतात. तपासणाऱ्या माणसाला त्यातले काय बरोबर हे कोणी शिकवलेले दिसत नाही. सरकारने जिल्हा केला, पाट्या बदलल्या, आणि कागदांचा मेळ घालायचे काम बाटली भरणाऱ्या बाईवर सोडून दिले.

याला आज तरी एकच वाट आहे. फॉसकॉसवर परवान्यात दुरुस्तीचा अर्ज करून जिल्हा बदलून घ्या. बदल होऊन येईपर्यंत नवी लेबले छापू नका, आणि पत्त्याच्या रकान्यात परवान्यावरचेच शब्द, त्याच स्पेलिंगमध्ये, विरामचिन्हांसकट उतरवा. गोदामाचा पत्ता उत्पादकाच्या रकान्यात घालू नका. त्याला वेगळा रकाना असतो. परवाना आणि गोदाम दोन वेगळ्या राज्यांत असतील तर गोदामाचाही अन्न परवाना लागतो, तो आधी काढा. नसेल तर लिस्टिंग दाबले गेल्याची तक्रार आम्हाला लिहू नका.

तिगावच्या गटाला आम्ही हेच कळवले. त्यांनी जुनी नोंद काढली, एक दिवस थांबून योग्य प्रकारात नवी चढवली. जुने अभिप्राय गेले, त्याला इलाज नव्हता. ‘ऑरेंज’ हा शब्द शीर्षकात राहिला, ‘ज्यूस’ गेला, आणि ‘पाणी घालून प्यावे’ हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत आले. नोंद आता शोधात दिसते. विक्री पूर्वीइतकी नाही, कारण ज्यूस शोधणारे गिऱ्हाईक आता त्यांच्यापर्यंत येत नाही. ते येत होते ते चुकून.

मृग बहाराला अजून अवधी आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या खात्यातली एकेक नोंद लेबलशेजारी ठेवून ताडून घ्यावी. आणि यापुढे आम्हाला ‘लिस्टिंग गायब’ एवढेच लिहून पाठवू नका. लेबलच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, परवान्याची प्रत, कॅटेगरीचा पूर्ण मार्ग आणि पोर्टलचा निरोप त्याच्याच शब्दांत पाठवा. पत्ता नाकारला गेलेली प्रकरणे वेगळ्या पाकिटात पाठवा. ती एकत्र करून आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात आणि अन्न सुरक्षा कार्यालयात नेणार आहोत.