सोल पाण्याने सुटलेला नाही

बूट बनवणाऱ्या कंपनीस उघडं पत्र
(जावळी तालुक्यातल्या आशाताई, अंगणवाडीताई, पोस्टमनदादा आणि पायी फिरून नोकरी करणाऱ्या सगळ्यांच्या माहितीसाठी)

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, यांस,

१४ जूनला साताऱ्यातल्या आपल्या दुकानातून मी २,१९९ रुपयांचे बूट घेतले. १७ ऑक्टोबरला डाव्या बुटाचा सोल चवड्यापासून पुढे सुटला. मध्ये चार महिने तीन दिवस गेले. बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली आहे. बूट बदलून द्या, एवढंच मी दुकानात जाऊन सांगितलं. तिथल्या मुलाने मोबाईलवर दोन फोटो काढून आपल्याकडे पाठवले. सहा दिवसांनी आपलं एका ओळीचं उत्तर आलं: पाण्याचा अतिसंपर्क व नेहमीची झीज, वॉरंटीत बसत नाही.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि चुकीचं का आहे ते त्या बुटावरच दिसतं. म्हणून हे पत्र फक्त आपल्याला न पाठवता मी छापून वाटते आहे.

मी आशा सेविका आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला तिच्या घरी जावं लागतं. तो दिवस पावसाचा आहे की उघडिपीचा, हे बाळ विचारत नाही. आमच्या जावळीत जून ते सप्टेंबर उघडीप थोडीच. वाडीवर जायची वाट चिखलाची, मध्ये दोन ओढे. हे सगळं मी दुकानात सांगितलं होतं. तेव्हा त्याच मुलाने खोका फिरवून त्यावरचं पावसाच्या थेंबांचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हे त्यासाठीच आहेत." मी बूट घेतले ते या शब्दावर. जून महिन्यात, पावसाचं चित्र असलेल्या खोक्यातून विकलेला बूट पावसात वापरला म्हणून वॉरंटी नाकारायची, हे आपण कोणत्या तोंडाने सांगता?

आता बुटाकडे वळू. सोल सुटला तेव्हा मी आधी मेढ्याच्या एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या काकांकडे गेले. चपला-बूट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे, त्यातली अकरा वर्षं धारावीत नवे बूट जोडण्यात. वाटलं होतं शिलाई मारून घ्यावी, चाळीस-पन्नास रुपयांत काम होईल. काकांनी बूट उलटा केला, सुटलेली फट अंगठ्याने उघडून उजेडात धरली आणि आरी खाली ठेवली. "मी हा शिवत नाही ताई. शिवला की ते म्हणतील, तुम्हीच भोकं पाडून बिघडवला. हा बिघडलेला आलाय." मग त्यांनी मला आत बघायला लावलं.

बुटाच्या वरच्या भागाला, म्हणजे अप्परला, गोंदाचा अखंड, गुळगुळीत, पिवळसर पापुद्रा चिकटलेला होता. त्याच्यासमोरचा रबरी सोल मात्र कोरा होता. त्यावर गोंदाचा ठिपका नाही, ओरखडा नाही, साच्यातून निघताना असते तीच चकाकी. गोंद रबराला कधी धरलाच नव्हता. इतके दिवस सोल नुसता कडेने अडकून होता.

हे असं का होतं, तेही काकांनी सांगितलं. साच्यातून निघालेल्या रबरी सोलवर एक तेलकट थर असतो, कारण रबर साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आतून तसं द्रव्य लावलेलं असतं. तो थर पुसून, घासून काढावा लागतो. पण नुसतं घासूनही बऱ्याच रबरांना गोंद धरत नाही. त्यावर क्लोरीन असलेलं एक द्रव्य ब्रशने लावून वाळवावं लागतं. त्याने रबराचा वरचा थर बदलतो आणि मगच पॉलियुरेथेनचा गोंद त्याला पकड घेतो. दुसरीकडे अप्परची खालची कड घासून तिच्यावरचा चकचकीत रंग काढायचा. मग दोन्हीकडे गोंद लावून तो सुकू द्यायचा, पुन्हा गरम करून जिवंत करायचा, गरम असतानाच दोन्ही भाग जुळवायचे आणि मशीनमध्ये सगळीकडून सारखं दाबायचं. यातलं रबराला द्रव्य लावण्याचं काम राहून गेलं, तरी बूट दुकानात दिसायला नवा कोराच दिसतो. हाताने ओढून बघितला तरी निघत नाही. पण चालताना दर पावलाला बूट चवड्यापाशी वाकतो आणि तिथे रोज थोडी थोडी फट पडत जाते. माझा सोल नेमका तिथूनच सुटायला लागला.

आपण लिहिता 'नेहमीची झीज'. झीज सोलच्या तळाला होते. माझ्या बुटाच्या तळावरची नक्षी अजून स्पष्ट आहे, टाचेची बाहेरची कड तेवढी थोडी घासली आहे. तळ झिजायच्या आत जोड सुटला, याला झीज कसं म्हणायचं?

आपण लिहिता 'पाणी'. पाण्याने बुटाचं नुकसान होतच नाही, असं मी म्हणत नाही. भिजलेला बूट कोणी चुलीच्या आहाराजवळ किंवा हीटरसमोर वाळवला, तर उष्णतेने गोंद मऊ पडतो, कारण कारखान्यात तो उष्णतेनेच चिकटवलेला असतो. तो दोष वापरणाऱ्याचा. मी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पडवीत सावलीला ठेवत आले. सोल दगडात अडकून ओढला गेला, तर रबराचे किंवा अप्परचे लचके तुटलेले दिसतात आणि तंतू बाहेर येतात. माझ्या बुटात एक तंतू निघालेला नाही. काही बुटांचा मधला फोमचा थर गोदामात वर्षानुवर्षं पडून हवेतल्या दमटपणाने कुजतो आणि बोटाने दाबला की बिस्किटासारखा चुरा होतो. माझ्या खोक्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेलं आहे. माझा जोड त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बनलेला आहे, म्हणजे तेही कारण नाही. ज्यांचा बूट या तीनपैकी एखाद्या कारणाने गेला असेल, त्यांनी कंपनीला दोष देऊ नये. मीही दिला नसता. पण गोंद एका बाजूला अखंड आणि दुसरी बाजू कोरी, याचं कारण कारखान्यातच शोधावं लागतं.

मोबाईलच्या दोन फोटोंत यातलं काय दिसलं आपल्याला? त्यातला एक फोटो वरून काढलेला होता, एक बाजूने. सुटलेली फट उघडून आतला फोटो कोणी काढलाच नाही. बूट तुमच्या हातात आलाच नाही आणि तरी कारण लिहून मोकळे झालात. तपासणी करायचीच असेल तर जोड ओढून मोजता येतो. कारखान्यात वापरायच्या सुरक्षा बुटांसाठी याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. अप्पर आणि सोलचा जोड सोडवायला दर मिलिमीटर रुंदीला किमान ४ न्यूटन जोर लागायला हवा, म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला साधारण ४ किलो वजनाची ओढ. माझे बूट सुरक्षा बूट नाहीत, त्यामुळे तेच मानक मला लावा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या उजव्या बुटाचा सोल अजून चिकटलेला आहे. त्यावर हा प्रयोग करा आणि जो आकडा येईल तो मला लेखी कळवा. मी स्वतः तो ओढून पाहिलेला नाही. पुरावा आहे तसा ठेवला आहे.

दुकानातून मला तोंडी दोन गोष्टी सुचवल्या गेल्या. एक, पुढच्या खरेदीवर ३० टक्के सूट. ती मला नको. बदली बुटासाठी मी पुन्हा पंधराशे रुपये का द्यायचे? आम्हाला महिन्याला जो मोबदला मिळतो तो कामाप्रमाणे मिळतो आणि कधी दोन-दोन महिने थकतो. दुसरी, फुकट पेस्टिंग. तेही नको. त्याच न घासलेल्या रबरावर पुन्हा सोल्युशन लावलं तर ते पुन्हा सुटणार, आणि वॉरंटी १४ डिसेंबरला संपते. तोवर बूट टिकला तरी त्यानंतर मी कोणाकडे जायचं?

कायदाही माझ्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये दिली आहे. करारात जे ठरलं त्यात उणीव असेल तर दोष होतोच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात उणीव असेल तरीही तो दोषच. खोक्यावरचे पावसाचे थेंब हा दावा आहे. बिलात दिलेल्या मुदतीत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा आयोग माल बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो, दोष पाहण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपलं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी यावं लागेल साताऱ्याला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

हे पत्रक वाचणाऱ्या ताई-दादांना एक विनंती. तुमचाही सोल असा सुटला असेल तर आधी शिवून किंवा चिकटवून घेऊ नका. फट उघडून आतल्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. खोका टाकू नका, बनावटीचा महिना त्यावर असतो. बिल थर्मल कागदाचं असेल तर त्याची आजच झेरॉक्स काढा. माझं बिल चार महिन्यांतच इतकं फिकट झालं होतं की तारीख वाचायला भिंग लागलं. दुकानात नुसतं बोलून येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. माझा क्रमांक मला मिळालेला आहे.

व्यवस्थापक महोदय, माझी मागणी अशी आहे. त्याच मॉडेलचा, पाच नंबरचा नवा जोड मला द्या, पण तो दुसऱ्या लॉटचा असू द्या. माझ्या जोडाच्या जिभेमागच्या लेबलवर लॉट नंबर आहे, तो सोबतच्या अर्जात लिहिला आहे. त्या लॉटमध्ये रबराला द्रव्य लावायचं राहिलं असेल, तर त्यातले बाकीचे बूट आत्ता कोणाच्या तरी पायात आहेत आणि त्यांचेही सोल सुटणार आहेत. त्या लॉटची तपासणी करून काय आढळलं ते दुकानाच्या दारावर लावा. वेगळ्या लॉटचा जोड नसेल तर पूर्ण २,१९९ रुपये परत करा.

यासाठी १५ दिवसांची मुदत देते. सोळाव्या दिवशी बूट, खोका, बिल आणि आपलं एका ओळीचं उत्तर घेऊन मी साताऱ्याला जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. मेढ्याचे काका साक्षीला यायला तयार आहेत.

आपली ग्राहक,
एक आशा सेविका, जावळी तालुका, जि. सातारा