‘जय जिनेंद्र’ म्हणणारा अनोळखी क्रमांक

सांगलीतील हळदीची आडत करणाऱ्या एका घरातील कन्येला पर्युषण पर्वाच्या आदल्या आठवड्यात एक संदेश आला. आरंभी ‘जय जिनेंद्र’ होते. पुढे लिहिले होते की पुण्यातील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीस लेखा विभागात एम.कॉम. झालेली व्यक्ती हवी आहे, वेतन दरमहा 38,000 रुपये आहे, आणि समाजातील मुलींना प्राधान्य दिले जाईल. तिचे शिक्षण, गाव आणि वडिलांचा व्यवसाय या तिन्ही गोष्टी पाठवणाऱ्यास ठाऊक होत्या. घरच्यांना याचे आश्चर्य वाटले नाही. वधू-वर परिचय पुस्तिकेत हे सर्व फोन क्रमांकासह छापलेले असते आणि ती पुस्तिका कोणाच्याही हाती पडू शकते.

कन्येने परिचयपत्र पाठवले. दुसऱ्या दिवशी फोनवर दहा मिनिटांची ‘मुलाखत’ झाली. हिशेबाविषयी जेमतेम दोन प्रश्न विचारले गेले, आणि संध्याकाळपर्यंत निवड झाल्याचे कळले. त्यासोबत मागणी आली ती आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि हातात आधार कार्ड धरून काढलेले छायाचित्र यांची. सात वाजण्यापूर्वी कागद न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल, असेही सांगण्यात आले.

मुलीने छायाचित्र काढलेही होते. ते पाठवण्यापूर्वी तिने आजोबांना हाक मारली, एवढाच काय तो फरक.

आजोबांनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, नोकरीविषयी काहीच विचारले नाही. त्यांचा प्रश्न पेढीवरचा होता. “नवी पार्टी दारात आली आणि पन्नास पोती उधारीवर मागू लागली, तर तुझे पप्पा आधी काय बघतात?”

“जीएसटी क्रमांक.”

“मग याचा मागितलास का?”

मागितला नव्हता. अशा वेळी विचारणे उद्धटपणाचे दिसेल, हातची संधी जाईल, ही भीती असते. आणि समोरचा माणूस समाजातला म्हणवत असेल तर संकोच अधिकच वाढतो. परंतु विचारण्याची रीत सौम्य असेल तर प्रश्न कितीही नेमका असला तरी तो खटकत नाही. मुलीने जो मजकूर पाठवला तो असा होता:

“सादर जय जिनेंद्र. निवडीबद्दल आभारी आहे. कागदपत्रे देण्यास माझी हरकत नाही. त्यापूर्वी घरच्यांना दाखवण्यासाठी थोडी माहिती मिळाली तर बरे होईल. कंपनीचे नोंदणीकृत पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक किंवा जीएसटी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता, पदाचे नाव व कामाचे स्वरूप, मी कोणाच्या हाताखाली काम करणार, आणि आपले कंपनीतील पद कळवावे. हे कंपनीच्या ई-मेलवरून आल्यास अधिक सोयीचे. कोणता कागद कशासाठी हवा आहे तेही कृपया लिहावे.”

या मजकुरात संशयाचा एक शब्द नाही. ‘घरच्यांना दाखवण्यासाठी’ हे कारण खरेही आहे आणि समोरच्यास राग येण्यासारखेही नाही. खऱ्या कंपनीतील मनुष्यबळ अधिकाऱ्यास यातील प्रत्येक उत्तर पाच मिनिटांत देता येते, कारण ते सारे त्याच्यासमोर असते.

उत्तर आले ते त्याच मोबाइल क्रमांकावरून. त्यात कंपनीचे नाव आणि एक जीएसटी क्रमांक होता. व्यापारी घरात हा क्रमांक रोज बिलावर लिहिला जातो, पण तो वाचला क्वचितच जातो. पंधरा अक्षर-अंकांपैकी पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या करदात्याचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजेच जीएसटी क्रमांकातील सहावे अक्षर, धारक कोण आहे ते सांगते. कंपनी असेल तर तेथे C, भागीदारी पेढी असेल तर F, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर H, आणि एकटी व्यक्ती असेल तर P.

आलेल्या क्रमांकात सहावे अक्षर P होते. जीएसटीच्या services.gst.gov.in या संकेतस्थळावर ‘Search Taxpayer’ मध्ये तो क्रमांक घातला तेव्हा एका व्यक्तीचे नाव दिसले, व्यवसायाचा प्रकार एकल मालकीचा निघाला आणि नोंदणी काही महिन्यांपूर्वीची होती. एकल मालकी हा काही दोष नव्हे. या मासिकाच्या कितीतरी वाचकांच्या दुकानांचा क्रमांक असाच असेल. दोष होता तो विसंगतीत. सांगितली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि निघाला एकटा मालक.

मुलीने तेही नम्रपणेच कळवले: “क्रमांक एकल मालकीचा दिसतो, टंकनात चूक झाली असावी, कंपनीचा क्रमांक मिळेल का?” चूक म्हणून विचारल्याने समोरच्याला सावरण्याची जागा मिळते, आणि तो कसा सावरतो यावरून बरेच कळते.

या वेळी मात्र सावरणे चांगले जमले. एका अस्सल कंपनीचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक आला आणि सोबत ई-मेलने निवडपत्रही. हा एकवीस अक्षरांचा क्रमांकही बोलका असतो. आरंभी L असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, U असेल तर नोंदलेली नाही. मग व्यवसायाचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरे, स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे आणि शेवटी सहा अंकी नोंद. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती पाहता येते. तेथे ही कंपनी सापडली, चालू स्थितीत होती, स्थापनेचे वर्षही जुने होते. पप्पांचे समाधान झाले. फसगत बहुधा होते ती येथेच.

कारण प्रश्न दोन आहेत. कंपनी खरी आहे का, हा एक. आणि बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे का, हा दुसरा. सरकारी नोंद पहिल्याचेच उत्तर देते. जो क्रमांक सर्वांना पाहता येतो तो कोणालाही उचलता येतो. खोट्या सहीच्या धनादेशावरही खाते क्रमांक खराच छापलेला असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ई-मेलच्या पत्त्यात होते. निवडपत्र ज्या पत्त्यावरून आले त्यात ‘@’ या चिन्हानंतर कंपनीचे नाव होते, पण त्याला जोडून -careers असा शब्द आणि मग .in होते. कंपनीच्या मूळ संकेतस्थळाच्या नावात हा जोडशब्द नव्हता. वाचणाऱ्यास ही त्याच कंपनीची भरती शाखा वाटते. प्रत्यक्षात मधली एक आडवी रेघ आली की ते सर्वस्वी वेगळे नाव होते, आणि असे नाव कोणालाही थोड्या पैशांत विकत घेता येते. मूळ नावाच्या आधी टिंब देऊन जोडलेला शब्द मूळ मालकाच्याच ताब्यात असतो. मूळ नावाला रेघेने चिकटवलेला शब्द तसा असेलच असे नाही. काही मोठ्या कंपन्या भरतीसाठी खरोखरच वेगळे नाव वापरतात, म्हणून केवळ रेघेवरून निकाल देऊ नये. तो फोन करून घ्यावा.

फोन कोणत्या क्रमांकावर, हे येथे महत्त्वाचे. निवडपत्राच्या तळाशी एक क्रमांक होताच; त्यावर फोन केला असता तर तोच गृहस्थ बोलला असता. मुलीने कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडले, तेथील कार्यालयाच्या क्रमांकावर फोन केला आणि मनुष्यबळ विभाग मागितला. तिचा प्रश्न एकच होता: “आपल्याकडे लेखा विभागात अशी जागा आहे का, आणि या नावाचे अधिकारी आपल्याकडे आहेत का?” दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले. त्या बाईंनी निवडपत्राची प्रत मागून घेतली. त्यांच्या नावाने अशी पत्रे यापूर्वीही फिरली होती.

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे. अस्सल भरती सल्लागार पहिल्या संभाषणात कंपनीचे नाव पुष्कळदा सांगत नाहीत. उमेदवार परस्पर जाईल, ही त्यांची अडचण खरी असते. तेव्हा त्यांना त्यांच्या स्वतःच्या संस्थेचे तपशील विचारावेत आणि परिचयपत्रापलीकडे काही देऊ नये. त्या परिचयपत्रातही जन्मतारीख, आधार किंवा पॅन लिहिण्याचे कारण नाही. पॅन नियोक्त्याला लागतो तो वेतनातून कर कापण्यासाठी, बँक खाते वेतन जमा करण्यासाठी, आधार भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी. या तिन्ही गरजा नियुक्तिपत्र स्वीकारल्यावर, रुजू होताना निर्माण होतात. मुलाखतीआधी ओळख पटवायचीच असेल तर आधारची झाकलेली प्रत पुरते, जिच्यात शेवटचे चारच अंक दिसतात, ती myaadhaar.uidai.gov.in येथून घेता येते. छायाप्रत दिली तर तिच्यावर आडवे लिहावे: कोणास, कशासाठी, कोणत्या तारखेस, आणि खाली सही. याने गैरवापर अशक्य होत नाही, पण ती प्रत दुसरीकडे चालवणे अवघड होते. ओटीपी मात्र कोणत्याही टप्प्यावर नोकरी देणाऱ्यास सांगायचा नसतो.

याच घराच्या सोलापूरच्या मावसभावाने नेमके तेच केले होते. नोकरीच्या ‘पडताळणी’साठी त्याने आदल्या वर्षी आधार, पॅन, छायाचित्र आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दिला. नोकरी मिळाली नाही, पैसे गेले नाहीत, म्हणून तो ते विसरूनही गेला. काही महिन्यांनी परराज्यातील जीएसटी कार्यालयाची नोटीस घरी आली. त्याच्या नावे एक पेढी उघडली गेली होती आणि तिने माल न विकता बिले फाडली होती. सायबर पोलिसांकडे तक्रार, जीएसटी कार्यालयाला लेखी खुलासा, तेथील हेलपाटे, हे अद्याप संपलेले नाही. आणि धंदेवाल्या घरात अशा नोटिशीची झळ एकट्याला लागत नाही. बँकेत पेढीच्या कर्जमर्यादेचे नूतनीकरण निघाले की घरातल्या प्रत्येकाच्या नावाची विचारणा होते.

ज्यांनी पूर्वी असे कागद दिले असतील त्यांना जीएसटीच्या त्याच संकेतस्थळावर ‘Search by PAN’ मध्ये आपला पॅन घालून पाहता येते. त्यावर नोंदलेले सर्व क्रमांक दिसतात. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते sancharsaathi.gov.in वर कळते. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी लागते.

सांगलीच्या मुलीचे काहीच गेले नव्हते. तरी तिने संचार साथीच्या ‘चक्षू’ या सोयीवर तो क्रमांक कळवला, कारण परिचय पुस्तिकेत तिच्या नावाखाली आणखी मुलींची नावे होती. अण्णांनी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चिटणिसांना फोन लावला आणि पुढील पुस्तिकेत मुलामुलींचे क्रमांक छापण्याऐवजी पालकांचे छापता येतील का, असे विचारले. चिटणीस म्हणाले, छपाई अजून व्हायची आहे.